नवी इमारत काही दशकांनंतर कशी दिसेल, हे चित्रात दाखवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जी इमारत अजून उभीही राहिलेली नाही, तिचे जुने रूप आधीच का दाखवायचे?

आराखडा ठरत असताना घेतलेल्या काही छोट्या निर्णयांचे परिणाम दहा वर्षांनी भिंतीवर उघडे पडतात. खिडकीखालच्या सिलला पाणी तोडणारी खाच आहे की नाही, तांब्याचे आच्छादन फिकट दगडाच्या वर बसवले आहे का, रंगाचा पट्टा उन्हाच्या बाजूला आहे का, हे प्रश्न नव्याकोऱ्या रेंडरमध्ये, म्हणजे संगणकाने मॉडेलवरून तयार केलेल्या चित्रात, दिसतच नाहीत. जुने रूप दाखवणारे चित्र त्यांना समोर आणते आणि बदल करणे स्वस्त असते तेव्हाच आणते. ही कल्पना संगणकाच्याही आधीची आहे. लंडनच्या बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुविशारद जॉन सोन यांच्यासाठी जोसेफ गँडी या चित्रकाराने 1830 मध्ये त्याच इमारतीचे भग्नावस्थेतील चित्र काढले होते. मात्र तिथे भग्नतेचे वैभव दाखवायचे होते. या पानावर ज्या चित्रांबद्दल लिहिले आहे, त्यांचा हेतू अधिक साधा आहे : वापरात असलेली, देखभाल होत असलेली, पण वय झालेली इमारत दाखवणे.

सुरुवात रंगापासून करावी, की टेक्स्चरपासून?

दोन्हींपासून नव्हे, पाण्यापासून करावी. इमारतीवर दिसणाऱ्या बहुतेक खुणा पाण्याने केलेल्या असतात. पाणी कुठे आदळते, कुठून ओघळते, कुठे साचते आणि कुठे कधीच पोहोचत नाही, या चार गोष्टी कळल्या की शेवाळ, गंजाचे डाग, काजळीची पुटे आणि तांब्याचा हिरवेपणा यांच्या जागा बऱ्याच अंशी आपोआप ठरतात. उन्हाचा वाटाही मोठा आहे, पण तो मुख्यतः रंगापुरता.

तयार मिळणारे मळकट भिंतीचे टेक्स्चर संपूर्ण दर्शनी भागावर पसरवले की चित्र खोटे वाटते, त्याचे कारण हेच आहे. त्या टेक्स्चरमधले ओघळ दुसऱ्या एखाद्या इमारतीच्या खिडक्यांखालून आलेले असतात, आणि आपल्या इमारतीत त्या ठिकाणी खिडकीच नसते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकते आहे हे जाणवते.

पाण्याचा नकाशा प्रत्यक्षात कसा तयार करतात?

संशोधनात यासाठी पाण्याच्या थेंबांचे अनुकरण करतात. ज्युली डॉर्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये मांडलेल्या पद्धतीत थेंब पृष्ठभागावरून घरंगळत जातात, वाटेत मळ विरघळवून उचलतात आणि पुढे कुठेतरी टाकतात. रोजच्या कामात एवढ्या अनुकरणाची गरज क्वचितच पडते. Blender मध्ये एका साध्या युक्तीने पहिला टप्पा पार होतो, आणि ही युक्ती दुसऱ्या कोणत्याही थ्रीडी प्रणालीतही चालते.

पावसाला तिरकस प्रकाश समजावे. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने पडतो. वारा सेकंदाला पाच मीटर असेल, तर पाऊस उभ्या रेषेपासून सुमारे 38 अंश कललेला येतो. म्हणून मॉडेलमधले सर्व दिवे बंद करून एकच `Sun` दिवा पावसाळी वाऱ्याच्या दिशेने 38 अंश कलता ठेवावा, झुळका बदलत असतात म्हणून त्याचा `Angle` 20 ते 30 अंशांपर्यंत वाढवावा, आणि भिंतीवर पडणारा थेट प्रकाश एका कृष्णधवल प्रतिमेत `Bake` करावा, म्हणजे कायमचा उतरवून घ्यावा. उजळ भाग म्हणजे पाऊस आदळणारा भाग आणि काळा भाग म्हणजे आडोसा. 60 सेंटिमीटरच्या छज्जाखाली भिंतीचा सुमारे 75 ते 80 सेंटिमीटर उंचीचा पट्टा कोरडा राहतो, हे या प्रतिमेत लगेच दिसते.

या युक्तीला एक मर्यादा आहे, कारण प्रकाश सरळ जातो, पण वारा इमारतीला वळसा घालतो. वळताना जड थेंब त्याच्यासोबत वळू शकत नाहीत आणि भिंतीच्या वरच्या कडेवर व वरच्या दोन्ही कोपऱ्यांत जास्त आदळतात, तर मधला आणि खालचा भाग तुलनेने कमी भिजतो. हा फरक प्रतिमेवर हाताने रंगवून भरावा लागतो. तो भरला नाही तर उंच भिंत वरपासून खालपर्यंत सारखी भिजलेली दिसते, आणि तशी भिंत प्रत्यक्षात क्वचितच सापडते.

दुसरा टप्पा ओघळांचा आहे. इथे नियम एकच आहे : प्रत्येक ओघळाला उगम हवा. सिलची दोन टोके, पन्हळीचा सांधा, पॅरापेटच्या आच्छादनातील जोड, भिंतीतून बाहेर आलेला खिळा किंवा पट्टी, अशा जागा मॉडेलवर शोधून तिथूनच खाली रेषा ओढाव्यात. ओघळ उगमाशी गडद आणि अरुंद असतो, खाली जाताना थोडा पसरतो आणि विरतो. सिलच्या मधल्या भागातून पाणी पुढे ठिबकते, पण टोकांपाशी ते वळून भिंतीला लागते, म्हणून जुन्या खिडक्यांखाली दोन बाजूंना मिशीसारखे दोन ओघळ दिसतात.

कोनाकोपऱ्यांत मळ दाखवण्यासाठी `Ambient Occlusion` वापरणे पुरेसे नाही का?

`Ambient Occlusion` म्हणजे कोनाकोपरे शोधून ते गडद करणारी सोय. धुळीसाठी ती चालते. पण पावसाच्या संदर्भात एकच मास्क, म्हणजे परिणाम कुठे किती दिसावा हे ठरवणारी कृष्णधवल प्रतिमा, सर्व साहित्याला लावणे हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे, कारण आडोशाची जागा मळकट होते की स्वच्छ राहते, हे साहित्यावर अवलंबून असते. शहरी हवेतील चुनखडीच्या दगडावर पावसाने धुतलेला भाग पांढरा राहतो आणि कोरीवकामाखालच्या आडोशाला जिप्समची काळी पुटे चढतात, ज्यांत काजळी अडकलेली असते. काँक्रीट किंवा गिलाव्याच्या दमट भिंतीवर चित्र उलटे होते : जिथे पाणी वारंवार येते आणि उशिरा सुकते, तिथे शेवाळ व काळपट जीवाणूंचा थर चढतो, तर छज्जाच्या वळचणीला भिंत मूळ रंगाची राहते. म्हणून प्रत्येक साहित्यासाठी आधी ठरवावे की पाणी त्याला धुते आहे की पोसते आहे, आणि मग तोच पावसाचा नकाशा सरळ किंवा उलटा वापरावा.

तांबे किती वर्षांनी हिरवे होते, आणि ते रेंडरमध्ये कसे दाखवावे?

तांबे सरळ लालसर चमकीचे हिरवे होत नाही. पहिल्या काही महिन्यांत चमक जाऊन ते तपकिरी होते, कारण त्यावर ऑक्साइडचा थर येतो. पुढची काही वर्षे तो तपकिरी रंग गडद होत जवळजवळ काळपट चॉकलेटी होतो. त्यानंतर कुठे हिरवा थर दिसू लागतो. हवेत गंधकाचे संयुग असेल तर हा थर मुख्यतः ब्रोकँटाइट या तांब्याच्या क्षारयुक्त सल्फेटचा असतो, आणि समुद्राजवळ त्यात क्लोराइडची भर पडते. समुद्रकाठी किंवा औद्योगिक हवेत पाच ते आठ वर्षांत हिरवेपणा येऊ शकतो, स्वच्छ ग्रामीण हवेत त्याला तीस वर्षेही लागतात, आणि अतिशय कोरड्या प्रदेशात तांबे तपकिरीच राहते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावरील तांब्याचा पत्रा जेमतेम 2.4 मिलिमीटर जाडीचा आहे. 1886 मध्ये अनावरण झाले तेव्हा तो तांब्याच्याच रंगाचा होता आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पूर्ण हिरवा झाला.

उतार महत्त्वाचा आहे. आडव्या किंवा उतरत्या पत्र्यावर पाणी जास्त वेळ टिकते म्हणून तो लवकर हिरवा होतो, उभा पत्रा मागे पडतो, आणि आडोशातला पत्रा अनेक दशके तपकिरी राहतो. त्यामुळे एकाच इमारतीवर एकाच वेळी दोन-तीन रंग दाखवणे योग्य ठरते.

मटेरियल तयार करताना एक तांत्रिक बाब हमखास निसटते. हिरवा थर हा धातू नाही, तो क्षार आहे. `Metallic` 1 ठेवून फक्त रंग हिरवा केला तर रंगवलेल्या आरशासारखा चकचकीत पत्रा मिळतो. हिरव्या भागात `Metallic` 0 आणि पृष्ठभागाचा खरखरीतपणा ठरवणारा `Roughness` 0.8 च्या आसपास हवा, ताज्या तांब्यात `Metallic` 1, आणि दोन्हींमधला बदल त्याच मास्कने व्हायला हवा. लोखंडाच्या गंजालाही हेच लागू आहे.

तांब्यावरून उतरणारे पाणी खालच्या भिंतीवर दोन वेगळे परिणाम करते. फिकट दगडावर ते हिरवट डाग पाडते. पण जिथे शेवाळ आणि दगडफूल चढलेले असते, तिथे तेच पाणी त्यांना मारते आणि मळकट भिंतीत एक स्वच्छ पट्टा उरतो. कोसळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या तांब्याच्या वीजनिरोधक पट्टीखाली असा पट्टा अनेक जुन्या इमारतींवर दिसतो. हा तपशील चित्रात आला की जाणकाराचा विश्वास बसतो.

रंग विटणे म्हणजे फक्त रंगाची तीव्रता कमी करणे का?

नाही, कारण सर्व रंगद्रव्ये सारखी विटत नाहीत. लोहाच्या ऑक्साइडचे गेरू, पिवळी माती आणि तपकिरी रंग उन्हात दीर्घकाळ टिकतात. पुष्कळसे भडक लाल, पिवळे आणि जांभळे रंग सेंद्रिय रंगद्रव्यांपासून बनतात, आणि त्यांतले अनेक लवकर फिके पडतात. दोन द्रव्ये मिसळून केलेली छटा तर दिशा बदलते : हिरव्यातील पिवळे आधी गेले की भिंत निळसर होते. शिवाय अतिनील किरणांनी रंगातील बंधक तुटतो आणि पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी सुटते, त्यामुळे भिंत फिकट आणि पूर्ण मॅट दिसते. म्हणून रंग फिका करण्यासोबत `Roughness` वाढवणे आवश्यक आहे, आणि छज्जाखाली मूळ छटा टिकवणे त्याहून आवश्यक आहे, कारण विटलेपणा कळतो तो शेजारच्या न विटलेल्या पट्ट्यामुळेच.

शेवाळ, दगडफूल आणि वेली किती वाढलेल्या दाखवाव्यात?

इथे प्रमाण चुकण्याची शक्यता फार असते. भिंतीला चिकटून वाढणाऱ्या दगडफुलाच्या अनेक जातींची त्रिज्या वर्षाला साधारण एक मिलिमीटरने किंवा त्याहूनही कमी वाढते. म्हणजे तीस वर्षांनी एक ठिपका सुमारे सहा सेंटिमीटर व्यासाचा होईल. अर्धा मीटर रुंदीचे गोल ठिपके दाखवले, तर इमारत शेकडो वर्षांची वाटेल. हरित शेवाळाचे मात्र तसे नाही, ते दोन-तीन ओल्या हंगामांत भिंत व्यापू शकते.

वेलींचे दोन गट वेगळे ठेवावेत. आयव्ही, म्हणजे हेडेरा हेलिक्स, हवाई मुळांनी भिंतीला स्वतः चिकटते, तर विस्टेरियासारख्या वेलीला गुंडाळायला तार किंवा जाळी लागते. उघड्या सपाट भिंतीवर विस्टेरिया चढवलेला दाखवणे ही सरळ चूक आहे. आयव्ही पहिली दोन-तीन वर्षे फारशी हलत नाही, नंतर झपाट्याने चढते, आणि भिंतीच्या माथ्यावर उजेडात पोहोचल्यावर तिचे रूप बदलते : फांद्या बाहेर झुडपासारख्या वाढतात आणि पाने खाचा नसलेली, साधी होतात. खालपासून वरपर्यंत एकच पान वापरलेले चित्र वनस्पती ओळखणाऱ्याला खटकते.

बियांपासून आपोआप उगवणारी रोपे मात्र हवी तिथे ठेवू नयेत. त्यांना भेग, थोडी माती आणि ओल लागते, म्हणून त्यांची जागा पन्हळीचे तोंड, पॅरापेटचा मागचा कोपरा आणि दुर्लक्षित सांधा एवढीच असते.

एखाद्या इमारतीची दहा, तीस आणि साठ वर्षांची चित्रे प्रत्यक्षात कशी ठरवली जातात?

एक कल्पित उदाहरण घेऊ. चार मजली, सुमारे 14 मीटर उंच इमारत. पाऊस पश्चिमेकडून येतो. पश्चिमेची भिंत गिलाव्यावर गेरूच्या विटकरी रंगाने रंगवलेली आहे, प्रवेशद्वाराभोवती सेंद्रिय रंगद्रव्याचा भडक पिवळा पट्टा आहे, खिडक्यांना खाच नसलेल्या काँक्रीटच्या सिल आहेत, पॅरापेटवर गच्चीच्या बाजूला उतार दिलेले तांब्याचे आच्छादन आहे, आणि बाजूला न रंगवलेल्या काँक्रीटचा जिना-मनोरा आहे, ज्याच्या पायथ्याशी आयव्ही लावली आहे. मनोऱ्यावरून तांब्याची वीजनिरोधक पट्टी खाली येते. मालक दर बारा वर्षांनी भिंत पुन्हा रंगवणार आहेत.

ही शेवटची माहिती सगळ्यात जास्त फरक पाडते. इमारतीचे वय एक असले तरी तिच्या प्रत्येक भागाचे घड्याळ वेगळे असते. दहाव्या वर्षी रंग दहा वर्षांचा असतो. तिसाव्या वर्षी मात्र तो सहा वर्षांचा असतो, कारण चोविसाव्या वर्षी भिंत पुन्हा रंगवलेली असते. म्हणजे दहा वर्षांच्या चित्रात भिंत तीस वर्षांच्या चित्रापेक्षा अधिक विटलेली दिसली पाहिजे. साठाव्या वर्षी तर रंग नुकताच दिलेला असेल, म्हणून तिसरे चित्र 59 व्या वर्षाचे करणे अधिक उपयोगी, तेव्हा रंग अकरा वर्षांचा असतो.

ज्या थरांना कोणी हात लावत नाही, त्यांच्यासाठी वयाचा परिणाम सरळ रेषेत वाढवू नये, कारण सुरुवातीला बदल भराभर होतो आणि मग मंदावतो. मनोऱ्यावरील काळपट थरासाठी असे सूत्र वापरता येते :

```
mask = wet * (1 - exp(-age / tau))
```

`wet` हा पावसाचा नकाशा आहे, `age` हे वर्षांतील वय आणि `tau` हा बदल किती वर्षांत मंदावतो ते सांगणारा, परिसरातील जुन्या काँक्रीटच्या छायाचित्रांशी ताडून ठरवायचा आकडा. तो 12 धरला, तर कंसातील किंमत दहाव्या वर्षी 0.57, तिसाव्या वर्षी 0.92 आणि 59 व्या वर्षी 0.99 येते. शेवटच्या दोन चित्रांत मनोरा जवळजवळ सारखाच दिसेल, आणि ते बरोबर आहे. तांब्याला आणि वेलीला हे सूत्र जसेच्या तसे लावू नये, कारण दोन्हींमध्ये सुरुवातीला काही काळ फारसे काही दिसतच नाही.

आता चित्रे. दहाव्या वर्षी विटकरी भिंत किंचित फिकट आणि मॅट, पिवळा पट्टा उघडपणे विटलेला, प्रत्येक सिलच्या टोकांखाली गडद ओघळ, तांबे गडद तपकिरी, आयव्ही मनोऱ्याच्या अर्ध्यापर्यंत. तिसाव्या वर्षी भिंत ताजी वाटते, पण ओघळ पुन्हा त्याच जागी उमटलेले असतात, कारण रंगकाम डाग झाकते, पाण्याची वाट बदलत नाही. तांब्याचा उतरता माथा हिरवा, उभी कड अजून तपकिरी, आयव्ही माथ्यापर्यंत. 59 व्या वर्षी उभी कडही हिरवी, माथ्यावर आयव्हीची झुडपी वाढ, आणि वेल छाटलेल्या बाजूला वीजनिरोधक पट्टीलगत काळपट काँक्रीटमध्ये स्वच्छ फिकट रेघ. तांब्याचा उतार आत असल्यामुळे विटकरी भिंतीवर हिरवे डाग नाहीत. तो बाहेर असता तर तिन्ही चित्रे बदलली असती.

या उदाहरणात मालकाच्या दृष्टीने निष्कर्ष सिलचा निघतो. खाच देऊन सिल चार-पाच सेंटिमीटर बाहेर काढली आणि टोके थोडी उचलली, तर ओघळ जवळजवळ नाहीसे होतात, आणि तेच मॉडेल पुन्हा रेंडर करून हा फरक शेजारी ठेवता येतो.

चित्र चुकले आहे, हे तयार झाल्यावर कसे ओळखावे?

एका ओघळावर बोट ठेवून वर जावे. उगम सापडला नाही, तर तो ओघळ पुसावा. मग एकाच आकाराच्या चार खिडक्या शेजारी ठेवून पाहाव्यात. ओघळ हुबेहूब सारखे असतील तर टेक्स्चर पुनरावृत्त झाले आहे, आणि अगदीच वेगळे असतील तर पाण्याचा विचार झालेला नाही. शेवटी चारही बाजूंच्या भिंती एकत्र पाहाव्यात. पावसाची, उन्हाची आणि सावलीची बाजू सारखीच जुनी दिसत असेल, तर वय मोजले गेलेले नाही, फक्त फासले गेले आहे. सर्वांत विश्वासार्ह ताळा मात्र बाहेर असतो : पाऊस थांबल्यानंतर तासाभरात जवळच्या एखाद्या जुन्या इमारतीचे छायाचित्र घ्यावे, कारण अजून न सुकलेले पट्टे पाण्याची वाट स्वतःच दाखवतात.

ग्राहकाला असे चित्र देताना सोबत काय लिहावे?

चित्रात धरलेले वर्ष, पुन्हा रंगवण्याचा कालावधी, वेल छाटली जाते की नाही, पावसाची दिशा आणि हवेचा प्रकार, एवढे चित्राखालीच लिहावे, वेगळ्या टिपणात नव्हे, कारण चित्र पुढे एकटेच फिरते. भेगा, गळती किंवा गिलाव्याचे पोपडे दाखवायचे असतील तर ते दुसऱ्या चित्रात, देखभाल झाली नाही असे स्पष्ट नमूद करून दाखवावेत. सामान्य वय आणि दुर्लक्ष एकाच चित्रात मिसळले, तर ग्राहक चांगले साहित्य नाकारतो आणि कारण असते ते न साफ केलेल्या पन्हळीचे.